वीस मिनिटांची झोप आणि दोन चमचे कॉफी

रागावणं माझ्या स्वभावातच आहे असं माझ्या शाळेतले सगळे म्हणतात. म्हणू देत. पण त्या वर्षी उन्हाळ्यात मी ज्या ज्या माणसांवर चिडले, त्यातल्या एकावरही मी उगाच चिडले नव्हते, हे मला आधीच सांगून ठेवायचं आहे. एकच राग चुकीच्या माणसावर निघाला होता. तो कुठला ते पुढे येईल.

आमची शाळा जिंतूरच्या पुढे, येलदरीच्या अंगाला. आम्ही चौघं परभणीहून रोज जायचो-यायचो. गाडी गणिताच्या सरांची. शेजारच्या सीटवर आमचे मुख्याध्यापक, मागे मी आणि पहिलीच्या वर्गाच्या तरुण बाई. मी विज्ञान शिकवते. सकाळची शाळा सुरू झाली की पावणेसहाला निघायचं आणि साडेबाराला, ऊन अगदी डोक्यावर असताना, परत फिरायचं. पोटात डबा गेलेला, रस्ता सरळ, दोन्ही बाजूला काळं रान तापलेलं. अशा वेळी डोळे मिटावेसे सगळ्यांनाच वाटतात. पण आम्ही तिघांनी मिटले तर चालतं.

मार्चमध्ये एका दुपारी बोरीच्या अलीकडे गाडी हळूहळू डांबरावरून उतरली आणि खडीवर घसरू लागली. मी आरशात बघितलं. सरांचे डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत सर नव्हते. मी हातातली डब्याची पिशवी त्यांच्या खांद्यावर हाणली. गाडी परत रस्त्यावर आली. समोरून येणारा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

"डोळ्यात कचरा गेला बाई," सर म्हणाले.

"दोन्ही डोळ्यांत?" मी विचारलं.

मुख्याध्यापक दचकून जागे झाले आणि "आलं का घर?" म्हणाले. तरुण बाईंनी माझा हात घट्ट धरला होता. परभणी येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. त्यांची गाडी, त्यांचा मान. चार माणसं मरता मरता वाचली होती, आणि प्रत्येकाला काळजी कसली, तर सरांना वाईट वाटेल याची! आमच्याकडे भिडेपोटी माणूस विहिरीतही उडी मारेल, वर "पाणी गार हाय" म्हणेल.

दुसऱ्या दिवशी मी विषय काढला तेव्हा उपायांना तोटा नव्हता. काच खाली करा, गाणी लावा, तोंडावर पाणी मारा. मुख्याध्यापक म्हणाले, "हिरवी मिरची चावायची सर, झोपेचा बाप पळतो." सरांनी चावली. पाच मिनिटं डोळ्यांतून पाणी काढत गाडी चालवली आणि सहाव्या मिनिटाला जांभई दिली. मी मागे बसून जांभया मोजत होते. या सगळ्या गोष्टी झोपेला दारात थोडा वेळ थांबवतात. ती आत यायची ती येतेच.

माझी धाकटी बहीण दवाखान्यात परिचारिका आहे. तिला फोनवर सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, त्यांना कॉफी पाजव आणि लगेच झोपव."

"कॉफी पिऊन झोपायचं? अगं, उलटं सांगायलीस का?"

"उलटं न्हाई, हेच सुलटं. आमचे डॉक्टर करतात की."

मग तिने समजावलं, आणि ते मला विज्ञानाची बाई म्हणून लगेच पटलं. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं एक रसायन साचत जातं. ते ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की झोप येते. कॉफीतलं कॅफिन त्याच जागा पटकावतं. पण कॉफी प्यायल्यावर ते पोटातून मेंदूपर्यंत पोचून नीट काम करायला साधारण वीस-पंचवीस मिनिटं घेतं. तेवढ्यात छोटी झोप काढली, तर झोपेत त्या रसायनाचा थोडा निचरा होतो, जागा मोकळ्या होतात, आणि आपण उठायला आणि कॅफिन पोचायला एकच गाठ पडते. म्हणून कॉफी पटकन संपवायची, लगेच आडवं व्हायचं आणि विसाव्या मिनिटाला उठायचं. जास्त झोपलं की गाढ झोप लागते आणि मग उठल्यावर डोकं दगड होतं. आणि अगदी झोप लागलीच पाहिजे असंही नाही, नुसती गुंगी आली तरी बरंच काम होतं. "पण गरोदर बाई, छातीत धडधड होणारं माणूस, पित्तवालं, ज्याला आधीच झोप येत न्हाई असं माणूस, यांनी डॉक्टरला इचारल्याशिवाय न्हाई करायचं," बहीण म्हणाली. "आणि दुपार कलल्यावर तर नकोच. रात्रीची झोप जाती."

सर कबूल व्हायला आठवडा गेला. पुरुषमाणसानं भरदिवसा रस्त्याच्या कडेला झोपायचं, हे त्यांना पटेना. शेवटी मी म्हटलं, "न्हाईतर मी उद्यापासून एसटीनं येते." ते माझ्या काळजीपोटी नाही, लोक काय म्हणतील म्हणून तयार झाले.

जिंतूरच्या फाट्यावर एक मावशी छोटं हॉटेल चालवते. आमचा रोजचा चहा तिथेच. तिला मी कॉफी सांगितली, तर तिचा चेहरा उजळला. "जयभीम बाई, आज कुणी पावणं हाय का?" आमच्याकडे कॉफी ही पाहुण्यांची वस्तू. मुलगी बघायला आले की करायची. मावशीने पाहुण्यांना करतात तशीच केली: नुसत्या दुधात, भरपूर साखर, चिमूटभर पूड, आणि वरून मायेने किसलेलं जायफळ. जायफळ! जे आम्ही रडक्या बाळाला झोप लागावी म्हणून उगाळून चाटवतो, ते तिने झोप उडवायच्या कॉफीत घातलं. सरांनी ती बशीत ओतून, फुंकर मारून, मुख्याध्यापकांशी बदल्यांच्या गप्पा मारत अर्धा तास प्यायली. मग गाडीची सीट मागे पाडून झोपले. मी वीस मिनिटांनी उठवायला गेले तर मुख्याध्यापकांनी हात धरला, "राहू द्या, बिचारा दमलाय." सर पाऊण तास झोपले आणि उठले ते दारू प्यायल्यासारखे. "बाई, हे आणखीच बेक्कार झालं की," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. एका साध्या गोष्टीत तीन चुका, आणि तिन्ही चांगुलपणाने केलेल्या! वाईट माणसाला निदान शिव्या तरी देता येतात.

दुसऱ्या दिवशी मी पूड घरून आणली. मावशीच्या हातातून पातेलं काढून घेतलं आणि तिच्यादेखत पाण्यात दोन चमचे पूड, अगदी नावाला दूध, घटाघटा पिता येईल इतकी कोमट अशी कॉफी केली. मावशी म्हणाली, "अवो बाई, हे काय काढा हाय का? सरांचं काय बिघडलंय?" सरांनी तोंड वाकडं करत ती दोन मिनिटांत संपवली. गाडी लिंबाच्या सावलीत लावली, काचा उघड्या, माझ्या मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर. आम्ही तिघं बाहेर बाकावर.

चौथ्या मिनिटाला एका पालकाने काचेवर टकटक केलं. "सर, बरं वाटंना का?" मी धावत जाऊन त्याला हाकललं. नवव्या मिनिटाला दोघं मोटारसायकलवरून उतरले आणि त्यातल्या एकाने सरांच्या नाकापुढे बोट धरून बघितलं! "न्हाई, आमी म्हणलं उष्माघात झाला का काय." या भागात गाडीत कुणी डोळे मिटून पडलेला दिसला की सरळ पुढे जाणारा माणूस जन्माला यायचा आहे. परक्याची एवढी काळजी जगात कुठे होत नसेल, आणि त्या काळजीने त्या दिवशी माझ्या सरांची झोप सहा वेळा मोडली.

तेव्हापासून मी छत्री घेऊन गाडीपाशी उभी राहायला लागले. कुणी दिसलं की तोंडावर बोट, आणि तरी आला की छत्रीचं टोक. मुलांना वर्गात जशी बघते तशी बघायचे. लोक लांबूनच वळायला लागले. आणि मग ते जमलं. गजर झाला, सर उठले, तोंड धुतलं, पाच मिनिटं लिंबाखाली फेऱ्या मारल्या आणि गाडीत बसले. परभणीपर्यंत एकही जांभई नाही. उलट तरुण बाईंना वर्गमूळ काढायची सोपी रीत सांगत आले. मी मागच्या सीटवर असा काही गर्व करून बसले होते की विचारू नका.

महिनाभर असं चाललं. मुख्याध्यापकांना मात्र वीस मिनिटं जड जायची. "रोज रोज थांबायचं म्हणजे लय टाइम जातो बाई. घरी माणसं वाट बघतेत." गाडी खाईत गेली असती तरी जो माणूस झोपेतच राहिला असता, त्याला वीस मिनिटांची घाई! मग एक दिवस त्यांनाच चळ लागला, आपणही करून बघावं. मी म्हटलं, तुमाला पित्त हाय, गोळ्या चालू हायेत, तुमच्यासाठी न्हाई हे. ते कसले ऐकतात! घरी जाऊन सायंकाळी सहाला दोन चमचे घालून कॉफी प्याले, वर तासभर झोपले, आणि रात्री दोनपर्यंत छातीवर हात धरून अंगणात फिरले. सकाळी सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुमचं शास्त्र काय खरं न्हाई."

मी त्यांच्याशी भांडून घेतलं ते घेतलंच. पण एप्रिलच्या शेवटी जे झालं ते माझ्या शास्त्रात बसत नव्हतं.

त्या दुपारी सगळं यथासांग झालं होतं. कॉफी वेळेवर, झोप अठरा मिनिटं, मध्ये एकही टकटक नाही, तोंड धुणं, फेऱ्या. आणि गाडी सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली नसतील, सरांची मान खाली गेली. या वेळी मी नाही, तरुण बाईंनी मागून किंचाळून हाक मारली. सरांनी ब्रेक दाबला. समोर रस्ता ओलांडणारी शेळी होती, आणि शेळीमागे तिला हाकणारी म्हातारी. म्हातारीने आमच्याकडे बघून काठी उगारली. तिचं बरोबरच होतं.

"काल किती झोपलात?" मी विचारलं.

"नऊला पडलो, पाचला उठलो. आठ तास."

"खोटं बोलू नका."

"पोरांची आण घेऊ का?" सरांचाही आवाज चढला. "रोज आठ तास झोपतो बाई मी. तरी सकाळी उठलो की डोकं जड. माझं मलाच कळंना झालंय."

मला ते खरं वाटलं नाही. मोबाईल बघत जागत असतील, असंच माझ्या मनात पक्कं झालं. आणि मग माझा राग गेला तो त्यांच्या बायकोवर. घरात बाईमाणूस असून नवऱ्याला वेळेवर झोपवता येत नाही? सायंकाळी मी तरातरा त्यांच्या घरी गेले. वहिनी ज्वारी निवडत बसल्या होत्या. डोळ्यांखाली काळं, चेहरा ओढलेला. मी बसायच्या आधीच सुरू केलं, की वहिनी, सरांच्या झोपेकडं तुमी लक्ष देत न्हाई का, आमचे चार जीव त्यांच्या हातात असतेत.

वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"झोपतेत की बाई ते. पाठ टेकली की झोप. लय घोरतेत. घोरता घोरता मधीच आवाज बंद होतो. श्वासच न्हाई. मी मोजत बसते. धा झाले, पंधरा झाले, कधी कधी वीस होतेत. मग मी हलवते, का ते आपले दचकून मोठा श्वास घेतेत, आणि परत घोरायलेत. सकाळी इचारलं तर त्यांना काहीच म्हाईत न्हाई."

"किती दिवसांपासून?"

"दिवस? चार वर्षं झाली असतील."

मी विज्ञान शिकवते. श्वसनसंस्था दरवर्षी फळ्यावर काढते. झोपेत श्वास थांबणारा माणूस आठ तास पडून राहिला तरी त्याची झोप होतच नाही, दर थोड्या वेळानं मोडते, हे मला माहीत असायला हवं होतं. एखाद्या दिवशी झोप कमी पडली, तर ती वीस मिनिटं आणि ती कॉफी तुम्हाला घरापर्यंत पोचवतात. आठ तास झोपूनही ज्याला रोज झोप येते, त्याचं हे औषध नव्हे. त्याने आधी डॉक्टरकडे जायचं. हे मी महिन्यापूर्वी विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी छत्री घेऊन उभी राहिले.

"दवाखान्यात दाखवलं न्हाई?"

"जाणार होतो की," वहिनी म्हणाल्या. "माझ्या भावानं झोपेच्या डॉक्टरचा नंबर पण लावला होता. पण ते म्हणाले, आता बाईंच्या कॉफीनं बरं वाटायलंय, कामून जायचं? मग राहिलं."

घरी येऊन मी जेवले नाही. नवऱ्याने काय झालं विचारलं तर त्याच्यावरही ओरडले.

सकाळी साडेपाचला मी सरांच्या दारात उभी राहिले आणि किल्ली मागितली. सर चिडले. चिडणारच. "आठ वर्षं झाली गाडी चालवायलो बाई. कुणाला खरचटलं तरी का? तुमीच म्हणलात कॉफी प्या, पिलो. तुमीच म्हणलात झोपा, झोपलो. आता किल्ली द्या म्हणता?"

"माझं चुकलं," मी म्हणाले. हे दोन शब्द माझ्या तोंडून क्वचित निघतात. "तुमाला बरं करायच्या ऐवजी मी तुमचा आजार झाकला. आता त्यो झाकून चालणार न्हाई. त्या शेळीच्या मागं म्हातारी होती सर."

मुख्याध्यापक मध्ये पडले, "हा त्यांच्या घरचा मामला हाय." मी त्यांना जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तरुण बाई पुढे झाल्या आणि सरांच्या हातातून किल्ली अलगद काढून घेतली. त्यांच्याकडे गाडीचा परवाना होता. दोन वर्षं त्या आमच्याबरोबर मागच्या सीटवर बसत होत्या आणि आमच्यातल्या एकाने, अगदी मीसुद्धा, त्यांना तुम्हाला चालवता येते का म्हणून विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही सरांना परभणीतच त्या डॉक्टरकडे नेलं. सर, वहिनी आणि मी. बाहेर गर्दी होती. पंखा होता, पण त्याचा वारा आमच्यापर्यंत येत नव्हता. तासाभराने सरांना आत बोलावलं. मीही गेले, कारण सर सगळं खरं सांगतील याची मला खात्री नव्हती. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "रात्री यांच्याजवळ कोण असतं? श्वास किती वेळ थांबतो, रात्रीत किती वेळा, हे त्यांनाच माहीत. त्यांना बोलवा."

मी बाहेर आले. मागोमाग सर.

वहिनी बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. आजूबाजूला लेकरं रडत होती, कंपाउंडर मोठमोठ्याने नंबर पुकारत होता, कुणाचा तरी मोबाईल वाजत होता. त्यांना कशाचा पत्ता नव्हता. पिशवी मांडीवरून घसरून खाली पडली होती. चार वर्षांत मोजलेले सगळे आकडे टाकून ती बाई झोपली होती.

"उठवा तिला बाई," सर हळूच म्हणाले. "नंबर जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणाले. कंपाउंडरला सांगितलं, पुढच्याला घ्या. तो कुरकुरला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला.

सरांनी खाली पडलेली पिशवी उचलली. मग बाकाच्या टोकाला, आवाज होऊ न देता बसले. ते बायकोकडे बघत होते.

"ही माझ्या मागून झोपती अन् माझ्या आधी उठती," ते म्हणाले. "मला आपलं वाटायचं, हिला झोपच कमी लागती."

माझ्या तोंडात पुष्कळ काही आलं होतं. मी ते गिळलं. बोलले असते तर वहिनी जाग्या झाल्या असत्या.